डिझेलमधलं शेवटचं सल्फर

प्रश्न: रिफायनरीत डिझेलमधलं सल्फर नेमकं कसं काढतात? 500 पीपीएमवरून 10 पीपीएमवर यायला एवढं काय अवघड आहे? आणि एवढ्याशा सल्फरने गाडीच्या एक्झॉस्ट फिल्टरला काय फरक पडतो?

उत्तर: मी डिझेल हायड्रोट्रीटर युनिटवर, म्हणजे हायड्रोजन वापरून डिझेलमधलं सल्फर काढणाऱ्या युनिटवर, प्रोसेस इंजिनिअर म्हणून काम केलं आहे, त्यामुळे सुरुवात रिफायनरीपासून करतो.

सल्फर डिझेलमध्ये सुटं तरंगत नसतं. ते हायड्रोकार्बनच्या रेणूंमध्येच बांधलेलं असतं, म्हणून गाळून किंवा धुऊन जात नाही. डिझेलमध्ये हायड्रोजन मिसळतात, मिश्रण भट्टीत साधारण 330 ते 370 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि बऱ्याच दाबाखाली कॅटॅलिस्टने भरलेल्या रिॲक्टरमधून सोडतात. कॅटॅलिस्ट म्हणजे ॲल्युमिनाच्या बारीक कांड्या, त्यांवर मॉलिब्डेनम आणि जोडीला कोबाल्ट किंवा निकेल. गंमत अशी की हा कॅटॅलिस्ट सल्फाइड रूपातच काम करतो. म्हणून नवा कॅटॅलिस्ट भरल्यावर आधी त्यालाच मुद्दाम सल्फर पाजावं लागतं.

रिॲक्टरमध्ये कार्बन आणि सल्फरचा बंध तुटतो, सल्फर हायड्रोजनशी जुळतं आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. बाहेर आल्यावर मिश्रण थंड करून वायू वेगळा करतात. अमाइनच्या द्रावणाने त्यातला हायड्रोजन सल्फाइड शोषून घेतात आणि उरलेला हायड्रोजन कॉम्प्रेसरने पुन्हा रिॲक्टरकडे पाठवतात. डिझेलमध्ये विरघळून राहिलेला वायू पुढच्या स्ट्रिपर नावाच्या मनोऱ्यात निघतो. गोळा झालेल्या हायड्रोजन सल्फाइडपासून क्लॉस युनिटमध्ये पिवळं गंधक बनतं.

आता तुमच्या प्रश्नातला खरा भाग. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. समजा फीडमध्ये, म्हणजे युनिटमध्ये येणाऱ्या कच्च्या डिझेलमध्ये, 1 टक्का सल्फर आहे, म्हणजे एका टनात 10 किलो. 500 पीपीएमला पोहोचायचं तर त्यातलं साडेनऊ किलो काढायचं. 10 पीपीएमला पोहोचायचं तर टनामागे फक्त 10 ग्रॅम मागे राहू शकतं. आकड्यांत हा फरक अर्ध्या किलोचाही नाही, पण तो अर्धा किलो सगळ्यात हट्टी रेणूंचा असतो.

साधे सल्फाइड आणि मर्कॅप्टन रिॲक्टरच्या वरच्याच थरात संपतात. बेन्झोथायोफिनही फारसा त्रास देत नाहीत. शेवटी उरतात 4,6-डायमिथाइल डायबेन्झोथायोफिन आणि त्याचे भाऊबंद. या रेणूत सल्फरच्या दोन्ही बाजूंना एकेक मिथाइल गट दारवानासारखा उभा असतो. कॅटॅलिस्टच्या पृष्ठभागाला सल्फरपर्यंत पोहोचताच येत नाही, त्यामुळे नेहमीच्या थेट मार्गाने हा रेणू फार हळू तुटतो. मग आडवळणाने जावं लागतं. आधी शेजारच्या बेन्झीन कड्यात हायड्रोजन भरायचा. त्याने सपाट रेणूला बाक येतो, मिथाइल गट थोडे बाजूला सरकतात आणि मग सल्फर निघतं. या मार्गासाठी निकेल-मॉलिब्डेनम जास्त उपयोगी पडतो, पण हायड्रोजनही जास्त लागतो. फीडमधली नायट्रोजनची संयुगं कॅटॅलिस्टच्या नेमक्या त्याच जागा अडवून बसतात. म्हणून जड तेलाचे रेणू तोडणाऱ्या क्रॅकिंग युनिटमधून आलेलं, अशा संयुगांनी भरलेलं डिझेल फीडमध्ये वाढलं की युनिट कुरकुरायला लागतं.

तापमान वाढवत नेलं तर? काही अंशांपर्यंत फायदा होतो. कॅटॅलिस्ट जुना होत जातो तसं आम्ही तेच करतो. पण कड्यात हायड्रोजन भरण्याची क्रिया उलटी फिरू शकणारी आहे. तापमान फार चढलं की भरलेला हायड्रोजन पुन्हा सुटू लागतो, आणि डिझेलचा रंगही बिघडतो. म्हणून या पातळीला दाब लागतो, जास्त कॅटॅलिस्ट लागतो आणि डिझेल रिॲक्टरमध्ये जास्त वेळ राहावं लागतं. जुन्या युनिटला नुसता आणखी ताप देऊन भागत नाही.

आणखी एक अडचण रसायनशास्त्राची नाही, नळकामाची आहे. रिॲक्टरमधून निघालेल्या गरम डिझेलची उष्णता वाया जाऊ नये म्हणून तिनेच एक्स्चेंजरमध्ये आत जाणारं फीड तापवतात. फीडच्या बाजूचा दाब थोडा जास्त असतो. एखाद्या नळीला बारीक चीर पडली की कच्चं फीड थेट तयार मालात शिरतं. फीड 10,000 पीपीएमचं असेल तर हजारात एक भाग गळती झाली तरी मालात 10 पीपीएमची भर पडते. रिॲक्टर 7 पीपीएम देत असला तरी टाकीत 17 पोहोचतं. मर्यादा 500 होती तेव्हा ही गळती कुणाच्या लक्षातही आली नसती.

ओळखायचं कसं? रिॲक्टर चार-पाच अंशांनी तापवून बघतात. कॅटॅलिस्ट थकला असेल तर सल्फर खाली येतं, गळती असेल तर जवळपास हलत नाही. पक्का पुरावा गॅस क्रोमॅटोग्राफ देतो, म्हणजे मालातले रेणू वेगवेगळे करून दाखवणारं यंत्र. थकलेल्या कॅटॅलिस्टच्या मालात फक्त ते हट्टी रेणू दिसतात. गळतीच्या मालात बेन्झोथायोफिनसारखे सोपे रेणूही दिसतात, आणि ते रिॲक्टरमधून जिवंत बाहेर येणं शक्यच नसतं. माझ्या मते या कामात हे निदान सर्वात महत्त्वाचं, कारण ते चुकलं तर लोक चांगला कॅटॅलिस्ट फेकून देतात.

आता फिल्टर. काजळी अडवणाऱ्या सच्छिद्र सिरॅमिकला सल्फरचं थेट वावडं नसतं. वावडं असतं ते त्याच्या आधी बसवलेल्या प्लॅटिनमयुक्त ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टला. तो नायट्रिक ऑक्साइडचं नायट्रोजन डायऑक्साइड करतो आणि त्या वायूने साचलेली काजळी 250 ते 350 अंशांच्या आसपासच जळू लागते. नुसत्या ऑक्सिजनने जाळायची तर 550 ते 600 अंश लागतात, आणि तेवढा गरम धूर रोजच्या चालवण्यात क्वचितच असतो. सल्फर डायऑक्साइड प्लॅटिनमवरच्या त्याच जागांसाठी भांडतं. नायट्रोजन डायऑक्साइड कमी बनतं आणि फिल्टर लवकर भरतो.

शिवाय प्लॅटिनम सल्फर डायऑक्साइडचं ट्रायऑक्साइड करतं. गरम असताना ते वायूच असल्यामुळे फिल्टरच्या भिंतीतून आरपार जातं आणि पुढे थंड झाल्यावर सल्फ्युरिक आम्लाचे कण होतात. हिशेब करा. 500 पीपीएमच्या एका लिटर डिझेलमध्ये सुमारे 0.42 ग्रॅम सल्फर असतं. त्यातलं निम्मं आम्ल झालं तर 0.64 ग्रॅम. एका लिटरमधून ट्रकचं इंजिन साधारण 4 किलोवॅट-तास काम काढतं, म्हणजे दर किलोवॅट-तासाला 0.16 ग्रॅम कण, तेही काजळी न धरता. अवजड वाहनांसाठी युरो 6 ची कणांची मर्यादा 0.01 ग्रॅम आहे. तोच हिशेब 10 पीपीएमला केला तर 0.003 ग्रॅम येतो आणि मर्यादेत बसतो.

चुकून जास्त सल्फरचं डिझेल भरलं गेलं, तर फिल्टर लगेच मरत नाही. रिजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळून फिल्टर मोकळा करणं, वारंवार व्हायला लागतं. कॅटॅलिस्टवर साठलेलं सल्फेट पुढच्या गरम रिजनरेशनमध्ये सुटतं तेव्हा उग्र वासाचा पांढरा धूर दिसू शकतो. एक-दोन टाक्यांपुरतं असेल तर चांगलं डिझेल भरून गाडी बराच वेळ भारावर चालवल्यावर कॅटॅलिस्ट बराचसा सावरतो. फिल्टरमध्ये साचणाऱ्या राखेचा दोष मात्र डिझेलच्या सल्फरवर टाकू नका. ती बहुतांश इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम आणि झिंकच्या मिश्रकांतून येते, जळत नाही आणि फिल्टर काढून साफ करावाच लागतो. फिल्टर असलेल्या इंजिनाला कमी राखेचंच ऑइल घालायला सांगतात ते त्यासाठी.