स्वप्नात सारखी उलटी होते, म्हणजे आयुष्यातून कुणाला तरी काढून टाकायचंय का?

"मॅडम, गेले काही महिने मला स्वप्नात उलट्या होताना दिसतात, कधी घरात कधी ऑफिसमध्ये, आणि जाग येते तेव्हा तोंड खराब झालेलं असतं. मैत्रीण म्हणते मनातली घाण बाहेर पडतेय, चांगलं आहे. एका रीलमध्ये ऐकलं की आयुष्यात एखादं विषारी माणूस आहे आणि मन सांगतंय की त्याला काढून टाक. आता मी सगळ्यांकडे त्याच नजरेनं बघायला लागलेय. खरंच असा काही अर्थ असतो का?" (वय २९, कोपरखैरणे)

ताई, माझ्याकडे ठाण्यात आलेल्या एका बाईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच सांगतेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. घोडबंदर रोडला राहायच्या, ऑफिस महापेला, पस्तिशीच्या पुढच्या. त्या आल्या तेव्हा निर्णय घेऊनच आल्या होत्या, म्हणाल्या मला सासरच्या माणसांशी संबंध तोडायचेत, स्वप्नच तसं पडतंय, फक्त ते कसं करायचं ते सांगा.

मी म्हटलं थांबा, आधी मला स्वप्न सांगा. अर्थ नको, फक्त काय दिसतं ते, आत्ता घडतंय असं.

तर त्यांच्या घराच्या हॉलमध्ये पंगत बसलीय, सासूबाई, दीर, जाऊ, नवरा सगळे आहेत, ह्या वाढतायत आणि अचानक उलटी येते. ओंजळीत येते. कुणाला दिसू नये म्हणून ओंजळ छातीशी धरून त्या बेसिनकडे पळतात तर बेसिन तुंबलेलं, वरपर्यंत पाणी. मागून आवाज येतो, "काय झालं गं?" आणि ह्या "काही नाही" म्हणतात आणि ते परत गिळतात. तिथं जाग येते.

आता बघा, रीलवाल्यानं ह्यातलं फक्त "उलटी" एवढंच ऐकलं असतं. पण मला ज्या दोन गोष्टी लागल्या त्या उलटीच्या नंतरच्या होत्या. उलटी झाल्यावर स्वप्नात हलकं वाटलं का, हे मी नेहमी विचारते, कारण खरी उलटी झाली की माणसाला दोन मिनिटं का होईना बरं वाटतं. त्यांना कधीच वाटलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे बाहेर आलेलं त्यांनी टाकलं नाही, लपवलं आणि परत आत घेतलं. मग हे काहीतरी बाहेर फेकण्याचं स्वप्न आहे असं म्हणायला आधार कुठेय?

पण मनात शिरायच्या आधी शरीर बघायचं, हा माझा नियम आहे आणि तुमच्या बाबतीतही तेच म्हणेन कारण तुम्ही तोंड खराब होतं असं लिहिलंय. मी विचारलं जेवता किती वाजता? ट्रान्स हार्बरनं ठाण्याला यायचं, तिथून बस नाहीतर रिक्षा, घरी पोचेपर्यंत नऊ, मग स्वयंपाक, जेवण साडेदहाला आणि अकराला अंथरुणात. पहाटे घशाशी आंबट. पोटातलं ॲसिड आडवं झाल्यावर वर सरकतं, झोपेत आपण थुंकी फार कमी गिळतो त्यामुळे ते अन्ननलिकेत जास्त वेळ रेंगाळतं, आणि पहाटेकडे ज्या झोपेत ठळक स्वप्नं पडतात ती जास्त असते, तेव्हा घशातली ती जळजळ स्वप्नात शिरू शकते आणि स्वप्न तिच्याभोवती गोष्ट रचतं. फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी प्रेग्नन्सी नाही ना ते बघितलं, चालू गोळ्या विचारल्या (काही डिप्रेशनच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी पण स्वप्नं भडक होतात, पण म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही), ॲसिडिटीचं औषध दिलं. मी जोडीला एवढंच सांगितलं की जेवण आणि आडवं होणं ह्यात दोन-तीन तास ठेवा, डाव्या कुशीवर झोपा, आणि उशांची चळत लावू नका कारण पोट दुमडतं, त्यापेक्षा पलंगाचे डोक्याकडचे पाय विटेवर उचला. साडेसातला ऑफिसमधून निघतानाच पोळीभाजीचा डबा खायचा आणि घरी फक्त थोडा ताक-भात, असं त्यांनी बसवलं.

आणि एक वही. सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी तारीख, रात्री किती वाजता जेवले, स्वप्न पडलं का, आणि जाग आल्यावर घसा जळत होता का. एवढंच, चार ओळी.

महिन्याभरानं वही उघडली. घसा जळणं जवळजवळ गेलं होतं आणि स्वप्नंही बरीच कमी झाली होती, म्हणजे ह्यातला मोठा भाग जेवणाच्या वेळेचा होता, त्यात गूढ काही नाही. पण उरलेली स्वप्नं घसा न जळता पडली होती आणि तारखा बघा, तीन, चार, सहा, आणि नंतर परत दोन, पाच. बाकी महिना कोरा. मी विचारलं पाच तारखेला काय असतं? त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, हप्ता कापला जातो.

धाकट्या दिराला डोंबिवलीत दुकान टाकायचं होतं. त्याला बँक देत नव्हती, ह्यांचा पगार पक्का, म्हणून ह्यांच्या नावावर ४ लाखांचं पर्सनल लोन काढलं, चार वर्षांचं, हप्ता अकरा हजारांच्या आसपास. सासूबाईंनी सगळ्यांसमोर जेवताना विचारलं होतं आणि ह्यांनी वाढता वाढता "हो आई, काढू की" म्हटलं होतं. पहिले काही हप्ते दिरानं दिले, मग थांबले. आणि नवऱ्याला हे माहीतच नव्हतं! भावाभावात भांडण नको म्हणून ह्या दर महिन्याला स्वतःच्या पगारातून भरत होत्या आणि घरी सांगत होत्या की भाऊजी देतायत.

पंगत, ओंजळ, "काही नाही", परत गिळणं. मी काहीच जोडून दाखवलं नाही, त्यांनीच वही खाली ठेवून जोडलं. हे असंच व्हायला हवं, समुपदेशकानं अर्थ सांगायचा नसतो, तपशील नीट विचारायचा असतो. कारण तेच स्वप्न दुसऱ्या बाईचं असतं तर ओंजळीतलं वेगळंच काही निघालं असतं, किंवा नुसती ॲसिडिटीच निघाली असती.

आता "काढून टाका" ह्या सल्ल्याचं काय झालं असतं ते बघा. त्यांनी सासर तोडलं असतं, नंबर ब्लॉक केले असते, तरी लोन त्यांच्याच नावावर. पाच तारखेला हप्ता त्यांच्याच खात्यातून गेला असता, आणि दिराला आयतं कारण मिळालं असतं की वहिनीनंच संबंध तोडले. जे नको झालं होतं ते माणूस नव्हतंच, ते एक लपवणं होतं, आणि ते माणसं तोडून जात नाही, बोलूनच जातं. मला ह्या रीलचा राग येतो तो ह्याच्यासाठी, की ऐकणारा घाबरलेला असतो आणि त्याला सरळ घरातल्या एका माणसाकडे बोट दाखवून दिलं जातं.

मग आम्ही वाक्यं बसवली, अक्षरशः कागदावर. आधी नवऱ्याशी, एकट्यानं, रविवारी सकाळी: "लोनचे हप्ते मी भरतेय, भाऊजी नाही, मी तुमच्यापासून लपवलं, आता मला एकटीला झेपत नाही." त्यावर नवरा चिडला, दोन दिवस बोलला नाही, हे होणार हे आम्ही आधी बोलून ठेवलं होतं म्हणून त्या डगमगल्या नाहीत. मग नवऱ्याला बरोबर घेऊन दिराशी, बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून: "भाऊजी, हे तुमचे राहिलेले हप्ते. ह्यापुढे दर दोन तारखेला किती जमेल ते आत्ता सांगा." पूर्ण रक्कम मिळाली का, नाही. सहा हजारांवर ठरलं, उरलेले नवरा-बायको भरतात, मागची बाकी दुकान चाललं तर. सासूबाई अजूनही थोड्या घुश्शात आहेत.

ह्याच काळात स्वप्नावरही थेट काम केलं. वाईट स्वप्न जागेपणी नव्यानं लिहायचं आणि रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून ते नवं रूप मनात चालवायचं, अशी एक पद्धत आहे, बॅरी क्राको ह्या अमेरिकन डॉक्टरांनी अत्याचार सोसलेल्या बायकांच्या भयस्वप्नांवर ती वापरून २००१ मध्ये त्याचा अभ्यास छापला होता. शेवट गोड करायचा असं काही नसतं, आपल्याला हवा तो बदल करायचा. मला वाटलं त्या बेसिन मोकळं करतील. त्यांनी उलटी तशीच ठेवली, फक्त ओंजळ सोडून दिली, हॉलमध्ये सगळ्यांसमोर जमिनीवर, आणि म्हणाल्या, "मला बरं नाहीये, कुणीतरी बादली आणा." दोन आठवडे हे चालवलं. नंतरच्या पाच तारखेला स्वप्न पडलं नाही, त्याच्या पुढच्या महिन्यात एकदा पडलं (दिरानं उशीर केला होता), पण त्यात त्यांनी गिळलं नाही, थुंकल्या.

तुमच्यासाठी ताई, कुणाकडेही संशयानं बघायच्या आधी दोन-तीन आठवडे ही वही ठेवा आणि रात्री लवकर जेवा. घसा जळलेल्या रात्रींनाच स्वप्न पडत असेल तर तुम्हाला माझी नाही, पोटाच्या डॉक्टरांची गरज आहे. जाग येताना खरंच उलटी होत असेल, घास अडकत असेल, वजन उतरत असेल, उलटीत रक्त दिसलं, किंवा घोरता घोरता गुदमरून उठत असाल तर वहीची वाट बघू नका, लगेच दाखवा. ज्यांना उलटीचीच मुळात भयंकर भीती असते, म्हणजे कुणी बसमध्ये ओकलं तर उतरून जावं लागतं इतकी, त्यांना ही स्वप्नं त्या भीतीतूनही पडू शकतात, तिथं "काय काढून टाकायचंय" हा प्रश्नच लागू नाही, त्या भीतीवर वेगळी थेरपी असते. आणि एक नाजूक गोष्ट, जागेपणी खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढायची सवय असेल, हलकं वाटावं म्हणून किंवा वजनासाठी, तर ते स्वप्नाच्या पलीकडचं आहे, मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच, आणि कुणाशी बोलायचं कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

घसा न जळता पडलेल्या स्वप्नांपुढे मात्र तीन गोष्टी लिहा: कोण बघत होतं, बाहेर आलेल्याचं तुम्ही काय केलंत, आणि नंतर हलकं वाटलं की नाही. ती वही घेऊन या, मग बसून बोलू.