बजेट संपलं म्हणून अडकलेला पीआर: नक्की काय मागायचं आणि कुणाकडे

प्रश्न: "शिरोलीतल्या फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे. फर्नेसच्या वॉटर कूल्ड केबलचा २,१०,००० रुपयांचा पीआर सॅप सेव्हच करू देत नाही, बजेट ओलांडतंय म्हणतं. आमचे साहेब म्हणतात फायनान्सकडून ब्लॉक काढून घे. फायनान्सवाले म्हणतात एमडींची मंजुरी आण. वर्ष संपायला सहा आठवडे आहेत. नक्की काय मागायचं आणि कुणाकडे?"

ब्लॉक काढून मागू नका. मागायचं ते बजेट, आणि तेही नेमकं किती कमी पडतंय हे हातात आकडा घेऊन. मी गोकुळ शिरगावात आधी खरेदी आणि नंतर कॉस्टिंग अशी बारा वर्षं काढली. या अडकलेल्या पीआरच्या दोन्ही बाजूंना बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिस्टीम फक्त झालेला खर्च बघत नाही. तुम्ही पीआर टाकला की तेवढी रक्कम कमिटमेंट म्हणून बाजूला पडते. पीओ झाला की पीआरची कमिटमेंट सुटून पीओची लागते, माल आत येऊन जीआर झाला की पीओची सुटून प्रत्यक्ष खर्चात जाते. म्हणजे शिल्लक काढायची ती बजेटमधून खर्च, उघडे पीओ आणि उघडे पीआर हे तिन्ही वजा करून. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत हे बजेट कॉस्ट सेंटरवर नसतं, विभागाच्या इंटरनल ऑर्डरवर असतं, आणि तपासणीही तिथेच होते. तुमच्या पीआरच्या अकाउंट असाइनमेंटमध्ये कॉस्ट सेंटरसोबत एक ऑर्डर नंबर दिसत असेल, तोच.

आता पहिलं काम. त्या ऑर्डरवर `S_ALR_87013019` लावून बजेट, खर्च आणि कमिटमेंट एका ओळीत बघा. मग `KOB2` उघडून कमिटमेंटची एकेक ओळ वाचा. ही यादी कुणीच वाचत नाही, आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

आमच्याकडची एक केस सांगतो, आकडे सोपे केलेत. मेंटेनन्सचं वर्षाचं बजेट २४,००,०००. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत खर्च १८,६०,०००, उघडे पीओ ३,९०,००० आणि उघडे पीआर १,२०,०००. शिल्लक उरली ३०,०००. केबलचा पीआर तुमच्याइतकाच, २,१०,००० चा. कमी पडत होते १,८०,०००. विभागप्रमुख तेवढ्याच रकमेची नोट घेऊन निघाले होते. त्यांना म्हटलं, साहेब, अर्धा तास द्या.

`KOB2` मध्ये ऑगस्टमधला बेअरिंगचा एक पीओ सापडला. सप्लायरने चार नग कमी पाठवले होते, ते आम्ही कधीच दुसरीकडून घेऊन बसवलेही होते, पण पीओवर ६२,००० ची बाकी तशीच उघडी. खरेदीवाल्यांनी सप्लायरला विचारून `ME22N` मध्ये त्या ओळीला डिलिव्हरी कम्प्लीटेडची टिक मारली, ६२,००० सुटले. पुढे हायड्रॉलिक होजच्या सेटचे दोन पीआर दिसले, एक शिफ्ट इंजिनिअरने टाकलेला आणि एक प्लॅनरने, दोन्ही ४८,००० चे. दुसरा `ME52N` मध्ये बंद केला. शिल्लक झाली १,४०,०००.

तिसरी ओळ मात्र हात लावायची नव्हती, आणि इथेच लोक चुकतात. कॉम्प्रेसरच्या वार्षिक सर्व्हिसच्या पीओवर ३६,००० उघडे होते. ते 'जुनं पडून राहिलेलं' वाटतं, पण त्या दोन व्हिजिट झालेल्या होत्या, फक्त सर्व्हिस एंट्री राहिली होती. काम झालंय, बिल येणारच. ही ओळ बंद केली असती तर आज पीआर निघाला असता आणि बिल आल्यावर पैसे पुन्हा कमी पडले असते. म्हणून टिक मारण्याआधी सप्लायरकडे आणि शॉपफ्लोअरवर विचारा. स्क्रीनवरची तारीख जुनी आहे एवढ्यावर पीओ बंद करू नका.

तर आता कमी पडत होते ७०,०००. तरीही आम्ही ७०,००० मागितले नाहीत. त्या पीआरपुरते पैसे मागितले की शिल्लक शून्य होते, आणि दुसऱ्याच दिवशी ग्रीस आणि व्ही बेल्टचा पीआर अडतो. मार्चअखेरपर्यंतचा रोजचा खर्च मोजला तो ५५,००० भरला. मागणी केली १,२५,००० ची, एकदाच. एमडींकडे मार्चमध्ये तीन वेळा जाणाऱ्या विभागाचं चौथ्यांदा कुणी ऐकत नाही.

आता कुणाकडे. एका विभागाचं बजेट वाढवायचे दोनच खरे रस्ते. एक, दुसऱ्या विभागाच्या शिलकीतून वळवणं. दोन, कंपनीच्या एकूण बजेटमध्ये भर घालणं. पहिल्यात कंपनीचा एकूण आकडा बदलत नाही, त्यामुळे देणारा विभागप्रमुख, घेणारा विभागप्रमुख आणि फायनान्स हेड एवढ्या सह्या पुरायला हव्यात. दुसऱ्यात वर्षाचा मंजूर आकडाच बदलतो, तिथे एमडींची सही लागते. तुमच्याकडे फायनान्सवाले थेट एमडींकडे पाठवतायत याचा अर्थ वळवण्याचा रस्ता कुणी विचारलेलाच नाही. आधी तो विचारा.

आमच्या केसमध्ये पॅटर्न शॉपच्या ऑर्डरवर १,६०,००० शिल्लक होते आणि मार्चअखेरपर्यंत त्यांना २०,००० लागणार होते. त्यांच्या साहेबांनी स्वतः हिशेब तपासून सही केली. ती सही फार महत्त्वाची. फायनान्सने परस्पर दुसऱ्याचे पैसे उचलले तर पुढच्या वर्षी प्रत्येक विभाग एप्रिलपासूनच खोटे पीआर टाकून पैसे अडवून ठेवायला लागतो. मी ते होताना पाहिलंय. सिस्टीममध्ये नोंद दोन टप्प्यांत झाली, पॅटर्न शॉपच्या ऑर्डरवर `KO26` ने रक्कम परत आणि मेंटेनन्सच्या ऑर्डरवर `KO24` ने पुरवणी. दोन्हींच्या मजकुरात नोटचा तोच नंबर टाकला, म्हणजे ऑडिटच्या वेळी जोडी लगेच सापडते. ही एंट्री पीआर टाकणाऱ्याच्या किंवा पीआर मंजूर करणाऱ्याच्या हातात नसावी. ती फायनान्सनेच करावी.

कधी कधी फायनान्समधलंच कुणी सुचवतं की टॉलरन्स वाढवू. इशारा ८५ टक्क्यांवर आणि अडवणूक १०० वर असेल तर १०० चे ११० करायचे. हे करू नका. टॉलरन्स बजेट प्रोफाइलवर असतो, एकट्या तुमच्या ऑर्डरवर नाही. त्या प्रोफाइलच्या सगळ्या विभागांना एका झटक्यात दहा टक्के जास्त मिळतात, आणि कुणाची सही कुठेच राहत नाही. मी होतो त्या एका कंपनीत मार्चच्या गडबडीत हे 'तात्पुरतं' केलं गेलं. पुढच्या वर्षी कुणी परत आणलं नाही, आणि दिवाळीपर्यंत सगळे विभाग ११० हेच आपलं बजेट समजून चालू लागले.

आणखी एक वाट तुम्हाला कुणीतरी दाखवेलच: पीआरवर डिलिव्हरीची तारीख १ एप्रिल टाक. कमिटमेंट कोणत्या वर्षात पडायची हे डिलिव्हरी तारखेवरून ठरतं, त्यामुळे पीआर या वर्षाच्या बजेटला धडकत नाही आणि निघून जातो. केबल खरोखर एप्रिलमध्येच येणार असेल तर ते योग्यच आहे, लपवण्यासारखं काही नाही. सप्लायर सात आठवडे म्हणत असेल तर तीच तारीख टाका, पुढच्या वर्षाचं बजेट भरलंय का तेवढं बघा. पण माल मार्चमध्ये आत आला तर खर्च मार्चमध्येच पडतो, या वर्षाचा आकडा लाल होतो आणि विचारणा तुमच्याकडे येते. तसंच ती वस्तू डिपार्टमेंटला न घेता स्टोअरच्या स्टॉकमध्ये घेण्याचं. स्टॉकच्या पीआरला विभागाची ऑर्डर नसते, म्हणून तपासणीही होत नाही. पण स्टोअरमधून इश्यू झाली की पूर्ण रक्कम तुमच्या ऑर्डरवर खर्च म्हणून उतरते. नियमित लागणारा स्पेअर स्टॉकमध्ये असणं वेगळं, आणि बजेट चुकवायला एकच केबल स्टॉकमध्ये घेणं वेगळं.

राहिला खरा तातडीचा प्रसंग. रात्री दोनला केबलमधून पाणी गळायला लागलं, फर्नेस उभी, आत मेटल. तेव्हा कुणी `KOB2` वाचत बसू नये. पण तातडी म्हणजे काय हे आधीच लिहून ठेवलेलं हवं: फर्नेस किंवा लाइन बंद, किंवा माणसाच्या जिवाला धोका. आमच्याकडे यासाठी प्लांट हेड आणि फायनान्स हेड दोघांचा होकार मेसेजवर घ्यायचा, फोनवरचा चालत नसे, आणि दोन कामाच्या दिवसांत पीआर आणि बजेटची नोट दोन्ही टाकायच्या. रकमेला वरची मर्यादा होती. त्या मर्यादेच्या वर एमडींना उठवायचं, मग रात्रीचे दोन असोत.

ही वाट नसेल तर काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. पोरगं गाडीवर उद्यमनगरात जातं, ओळखीच्या दुकानातून चलनावर पार्ट उचलतं आणि महिन्याने बिल येतं. त्यासाठी पीआर नाही, पीओ नाही, म्हणून कमिटमेंटही नाही, आणि सिस्टीमला शिल्लक आहे असंच वाटत राहतं. महिन्यातून एकदा ज्या बिलांची तारीख पीओच्या तारखेआधीची आहे ती काढून बघा. एखाद्या विभागात अशी चार-पाच दिसली तर तिथे पैसे मागण्याचा सरळ रस्ता एक तर कुणाला माहीत नाही किंवा फार लांबचा झालाय.

तुमच्या नोटमध्ये हे असू द्या: ऑर्डर नंबर, बजेट, खर्च, उघडे पीओ आणि पीआर, साफसफाईत किती सुटले, मार्चअखेरपर्यंत किती लागणार, कमी किती, कुठून वळवायचे, आणि केबल आत्ता न घेतल्यास काय होईल. शेवटच्या ओळीत 'अत्यावश्यक' असं नुसतं लिहू नका. केबलची किती पदरं तुटली आहेत, फर्नेस किती पॉवरवर चालवावी लागतेय आणि एका हीटला किती मिनिटं जास्त जातायत हे लिहा. मेल्टिंगच्या लॉगबुकमध्ये ते आकडे तुम्हाला मिळतील. `KOB2` ची यादी बघून काही अडलं तर ओळी इथे टाका, सप्लायरची नावं काढून.