बंद घराचा कॅमेरा, मेमरी कार्ड आणि दोन भावांचा वाद

प्रश्न : कोकणातल्या गावच्या घराला मोशन अलर्ट देणारा कॅमेरा लावतो आहे. घर वर्षातले सात-आठ महिने बंद असते. रेकॉर्डिंग क्लाऊडवर ठेवू की मेमरी कार्डवर?

रेकॉर्डिंग घरात ठेवावे, मात्र ते कॅमेऱ्याच्या पोटात ठेवू नये. कॅमेऱ्यात बसवलेले कार्ड चोराच्या हाताला लागते. मी ही चूक केली आहे आणि घरच्या मंडळींकडून तिच्याबद्दल अजूनही ऐकून घेतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचे घर दापोली तालुक्यात केळशीच्या बाजूला आहे. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी आणि खळे, मागे माडांचे आगर. मी चिपळूणला असतो आणि दादा डोंबिवलीला. पावसाळ्याचे चार महिने आई दादाकडे राहते, तेव्हा घराला कुलूप असते. कॅमेरा घ्यायचे ठरले तेव्हा दादाचे म्हणणे होते की दर महिन्याचे पैसे गेले तरी चालतील, पण क्लाऊडची योजना घ्यावी. मला ते मान्य नव्हते. आपल्या खळ्याचे चित्रण दुसऱ्याच्या यंत्रावर साठवायचे, त्याचे भाडे भरायचे आणि इंटरनेट बंद पडले की हात चोळत बसायचे, हे मला पटत नव्हते. मी दोन मेगापिक्सेलचा वायफाय कॅमेरा आणला, त्यात १२८ जीबीचे कार्ड घातले आणि पडवीच्या वाशाला आठ फुटांवर तो बसवला.

पहिल्या आठवड्यात रोज दहा-बारा सूचना येत होत्या. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर त्या एका रात्रीत सव्वाशेच्या वर गेल्या. याचे कारण समजून घेतल्याशिवाय साठवणुकीचा विचार करण्यात अर्थ नाही. साधा कॅमेरा आधीच्या आणि नंतरच्या चित्रात किती फरक पडला एवढेच पाहतो. रात्री त्याच्या भिंगाभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात. त्या दिव्यांभोवती पाखरे घिरट्या घालतात आणि पाखरांच्या आशेने कोळी भिंगापुढेच जाळे विणतो. भिंगापासून दोन बोटांवरचे पाखरू चित्रात कोंबडीएवढे आणि पांढरेफटक दिसते. जाळ्याचा एक धागा वाऱ्याने हलला तरी कॅमेऱ्याच्या लेखी अर्धे खळे हललेले असते. त्यात पागोळ्यांच्या चकाकत्या रेघा आणि गडग्यापलीकडच्या माडांची झावळे यांची भर पडते. दादाने दहाव्या दिवशी सूचनांचा आवाज बंद केला. मी दोन आठवडे धीर धरला आणि मग मीही तेच केले.

जुलैच्या एका रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी चोर आले. न्हाणीतला तांब्याचा बंब, दोन हंडे, आजीचे घंगाळ आणि विहिरीवरचा पंप त्यांनी नेला आणि जाताना कॅमेराही उपटून नेला. सकाळी शेजारच्या काकांचा फोन आला, तेव्हा आम्हाला कळले. मी ॲप उघडले तर कॅमेरा ऑफलाइन होता आणि कार्ड त्याच्याबरोबर गेले होते. पण ते ॲप प्रत्येक सूचनेसोबत एक छोटे स्थिर चित्र पाठवत असे. त्या रात्रीच्या त्रेसष्ट सूचना मी एकेक करून पाहिल्या. साठ चित्रांत पाखरे आणि पाऊस होता. उरलेल्या तिनांपैकी पहिल्यात पाखाडीवरून उतरणारी दोन माणसे होती, दुसऱ्यात डोक्यावर टॉवेल घेतलेला पाठमोरा माणूस होता आणि तिसऱ्यात भिंगावर आलेला पंजा. चेहरा एकातही नव्हता. पोलिसांना ती चित्रे दिली, पण त्यांवरून कोणी ओळखू आले नाही.

तेव्हापासून दर गणपतीत दादा म्हणतो, "क्लाऊड घेतला असतास तर बंब परत आला असता." मी त्याला जे सांगतो तेच आपल्यालाही सांगतो. पहिले चित्र आमच्या दोघांच्या फोनवर चोरीच्या आधी पोहोचले होते. खबर आली होती, ती ऐकणारे कोणी नव्हते. क्लाऊडवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत उरली असती, कदाचित चेहराही दिसला असता, पण फोन त्या रात्री गप्पच राहिला असता. म्हणून कॅमेरा घेतल्यावर पहिले काम सूचना ताळ्यावर आणण्याचे आहे.

दुसऱ्या कॅमेऱ्याच्या वेळी मी ते नीट केले. त्याचे इन्फ्रारेड दिवे सेटिंगमधून बंद केले आणि कॅमेऱ्यापासून दहा फूट बाजूला, खळ्याच्या कोपऱ्यात नऊ वॉटचा पिवळा एलईडी दिवा लावला. पाखरे आणि कोळी तिकडे गेले आणि भिंग मोकळे राहिले. काही स्वस्त कॅमेऱ्यांत हे दिवे बंद करण्याची सोय नसते, पण खळ्यात पुरेसा उजेड असला तर तेही सहसा आपोआप दिवसाच्या पद्धतीवर राहतात. कॅमेऱ्याचे तोंड आगराकडून फिरवून असे ठेवले की पाखाडीवरून येणारा माणूस चित्रातून आडवा जाईल. आडवी हालचाल कॅमेऱ्याला लवकर कळते, तर सरळ समोरून येणारा माणूस बराच वेळ एकाच जागी असल्यासारखा दिसतो. ॲपमधील Activity Zone मध्ये फक्त पाखाडीचे तोंड आणि पडवीची पायरी आखली, माड आणि पागोळ्या वगळल्या. शेवटी Human Detection सुरू केले, म्हणजे माणसाचा आकार ओळखल्यावरच फोन वाजतो. आता भर पावसात रात्री दोन-तीन सूचना येतात आणि त्यातली एखादी कुत्र्याची असते. हे सगळे झाल्यावर रात्री अकरा वाजता मी स्वतः छत्री घेऊन पाखाडी उतरलो आणि फोन किती सेकंदांत वाजतो ते मोजले. पहिल्या दिवशी छत्रीमुळे कॅमेऱ्याने मला माणूस म्हणून ओळखलेच नाही. आखलेली जागा पायरीच्या आणखी जवळ आणली आणि संवेदनशीलता एक घर वाढवली, तेव्हा सात सेकंदांत फोन वाजला. ही चाचणी आपण पावसातच करावी.

आता साठवणुकीकडे येतो. माजघरातल्या कपाटात मी एक छोटा रेकॉर्डर ठेवला आहे, त्यात एक टीबीची डिस्क आहे आणि त्याला दोन कॅमेरे केबलने जोडले आहेत. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय धड पोहोचत नाही आणि केबलमधूनच वीज मिळत असल्याने बाहेर वेगळे प्लग लागत नाहीत. H.265 पद्धतीने दोन मेगापिक्सेलचे चित्रण साधारण एक एमबीपीएस वेगाने साठते. म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे अकरा जीबी होतात. १२८ जीबीच्या कार्डात अकरा दिवस मावतात. माझ्या डिस्कमध्ये दोन कॅमेऱ्यांचे सुमारे दीड महिन्याचे चित्रण राहते, त्यानंतर जुने पुसून त्यावर नवे लिहिले जाते. बंद घरासाठी ही मुदत फार महत्त्वाची आहे, कारण पंप गेल्याचे आपल्याला तिसऱ्या आठवड्यात कळू शकते. कार्डच वापरायचे असेल तर सतत लिहिण्यासाठी बनवलेले हाय एन्ड्युरन्स कार्ड घ्यावे. साधे कार्ड अखंड लिहिण्याने झिजते आणि ॲपमध्ये ठीक दिसत असताना चित्रणात तासातासाच्या फटी पडू लागतात. महिन्यातून एकदा मागच्या आठवड्यातली कोणतीही वेळ उघडून पाहिली तर हे लक्षात येते.

खाऱ्या हवेने केबलचे जोड हिरवे पडतात, म्हणून जोड बंद डबीत ठेवावेत आणि डबीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलावरून गळून जाते.

लाइट गेली की कार्ड आणि क्लाऊड दोन्ही आंधळे होतात. माझे दोन कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मिळून सुमारे तीस वॉट घेतात. इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर ते एक दिवस निघतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या पट्ट्यात कित्येक दिवस लाइट नव्हती, मोबाइलचे मनोरेही बंद होते. तशा काळात क्लाऊडवर काहीही पोहोचत नाही. आणखी एक गोष्ट तपासावी. पुष्कळ कॅमेऱ्यांना स्वतःचे घड्याळ टिकवता येत नाही. लाइट जाऊन परत आली आणि इंटरनेट अजून सुरू नसले, तर चित्रणावर 1970-01-01 अशी तारीख पडते आणि आपण शोधत असलेली रात्र भलत्याच जागी जाऊन बसते. बॅटरीचे घड्याळ असलेला रेकॉर्डर कॅमेऱ्यांना वेळ देतो, त्यामुळे ही अडचण टळते.

दादाच्या बाजूचे जे खरे आहे तेही सांगायला हवे. रेकॉर्डर चोराला सापडू शकतो, पाण्यात जाऊ शकतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमधल्या माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराचा रेकॉर्डर गल्ल्याखाली होता, तो गाळातून काढला तेव्हा डिस्क गेली होती. म्हणून मी पाखाडीकडच्या एका कॅमेऱ्यापुरती क्लाऊडची लहान योजना घेतली आहे. तीत फक्त माणूस दिसला तेव्हाच्या चित्रफिती जातात, अर्ध्या मिनिटाची एक फीत चार एमबीच्या आत बसते, त्यामुळे गावच्या मंद इंटरनेटवरही ती चढते. चोवीस तासांचे चित्रण चढवायला एका कॅमेऱ्याचे महिन्याला सुमारे सव्वातीनशे जीबी लागले असते. योजना घेताना फिती किती दिवस राहतात आणि पैसे थांबल्यावर त्यांचे काय होते, हे आधी वाचावे. हे दादाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मीच बरोबर होतो." तो अर्धा बरोबर होता, आणि ते मी त्याला आईसमोर सांगितले आहे.

बॅटरीवर चालणारा कॅमेरा घेत असाल तर वरचे बरेचसे लागू होत नाही. त्यात बहुधा उष्णता ओळखणारा पीआयआर सेन्सर असतो, पाखरांचा त्रास कमी होतो, पण तो क्षणभर उशिरा जागा होतो आणि अखंड चित्रण ठेवत नाही. घरात कोणी राहत असेल तर कॅमेरा ओटीकडे वळवू नये. आई ऑक्टोबरमध्ये परत आली की ओटीवर बसते आणि तिथे कॅमेरा पाहत असलेला तिला आवडत नाही.

आणि सूचना कोणाकडे जाते हे ठरवा. मला चिपळूणहून घरी पोहोचायला अडीच-तीन तास लागतात. म्हणून ॲपमधून शेजारच्या काकांनाही पाखाडीकडचा कॅमेरा जोडून दिला आहे. त्यांना फक्त रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंतच्या सूचना जातात. मागच्या श्रावणात फोन वाजल्यावर ते बॅटरी घेऊन गडग्यापाशी आले आणि त्यांनी हाक मारली. पाखाडीवरचा माणूस तिथूनच मागे फिरला.