कलाकर्षण आणि प्राणप्रतिष्ठा

विचारणा : «बाळीवेशीजवळच्या आमच्या लहानशा मंदिराचा जीर्णोद्धार निघाला आहे. पत्रिकेत आधी ‘कलाकर्षण’ आणि शेवटी ‘प्राणप्रतिष्ठा’ असे छापले आहे. मूर्ती तीच राहणार, मग प्राण दुसऱ्यांदा कसे घालणार, आणि मधल्या काळात देव कुठे असतो?»

‘प्राण घालणे’ हा बोलण्यातला प्रयोग आहे. मंत्रात तो नाही. घरच्या गणपतीच्या पूजेतही म्हणतात तो श्लोक ‘अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु’ असा सुरू होतो. या वाक्याचा कर्ता गुरुजी नाहीत, यजमानही नाही; कर्ता ‘प्राण’ आहे, आणि क्रियापद स्थिर उभे राहण्याचे असून ते आज्ञार्थात, म्हणजे प्रार्थनेच्या रूपात आहे. ‘अस्यै’ हे स्त्रीलिंगी रूप पुढच्या ओळीतल्या ‘अर्चा’ या शब्दाशी जुळते, आणि अर्चा म्हणजे मूर्ती. म्हणून देव गणपती असला तरी रूप तेच राहते. भाविकाच्या दृष्टीने देव सर्वत्र आहेच, त्याने या मूर्तीत मुक्काम करावा एवढेच मागणे आहे, आणि जे मागून मिळते ते पुन्हाही मागता येते.

कलाकर्षणात ‘कला’ म्हणजे अंश, चंद्राच्या सोळा कलांतला तोच शब्द, आणि ‘आकर्षण’ म्हणजे ओढून घेणे. पाण्याने भरलेला कलश मूर्तीजवळ मांडून, मंत्रांनी तिच्यातली देवकला कलशातल्या पाण्यात घेतात. कलश तात्पुरत्या जागी ठेवून त्याची रोजची पूजा आणि नैवेद्य चालू राहतो, त्यामुळे मधल्या काळात देव कुठे, याचे श्रद्धेतले उत्तर त्या कलशापाशी आहे. तोवर मूर्ती केवळ पाषाण समजली जाते. कारागिराने तिला छिन्नी लावली तरी दोष मानत नाहीत, जो एरवी मोठाच मानला जातो.

‘प्रतिष्ठा’ या शब्दात स्थिरपणा किती मुरलेला आहे, हे उत्तरपूजेत दिसते. गणपतीवर अक्षता टाकून मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, की प्रतिष्ठा संपली. घरातली वडीलधारी माणसे त्यानंतरच मूर्ती उचलू देतात. अशी मूर्ती चल. मंदिरातली अचल मूर्ती मात्र रोज आवाहन-विसर्जनाविना पुजली जाते. सिद्धरामेश्वरांनी 12व्या शतकात स्थापिली असे परंपरा मानते ती सोलापूरची 68 लिंगे याच अर्थाने स्थिर आहेत, आणि म्हणून संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज लिंगांकडे जातात आणि तैलाभिषेक होतो.

हे सारे स्वयंभू लिंगाला किंवा नर्मदेतल्या बाणलिंगाला लागू नाही, कारण तिथे देव मूळचाच मानतात. तसेच मूर्तीचे मुख्य अंग भंगले असेल, तर कलाकर्षणानंतर सहसा तिचे विसर्जन करून नवी मूर्ती बसवतात. तुमची मूर्ती तीच राहणार असल्याने, शेवटच्या दिवशी कलशातल्या त्याच पाण्याने तिला अभिषेक होईल, आणि पत्रिकेतला ‘प्राणप्रतिष्ठा’ हा शब्द त्या विधीसाठी आहे.