सही करून एक लाख घेऊ, की हिशोब दुरुस्त करायला लावू?

प्रश्न: अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत ७ वर्षे ८ महिने काम करून राजीनामा दिला. पगार ४२,०००, त्यात बेसिक २६,०००, डीए वेगळा नाही. नोटीस ३० दिवसांची होती, मी १४ दिवस भरले. कंपनीने फुल अँड फायनल १,०१,१४४ रुपयांचं काढलंय आणि ‘माझे काही येणे बाकी नाही’ यावर सही मागतात. ५ तारखेला घराचा हप्ता आहे, नव्या कंपनीचा पहिला पगार महिनाअखेरीस होईल. सही करून मोकळा होऊ का?

उत्तर: आहे त्या कागदावर सही करू नका. तुम्ही पाठवलेल्या हिशोबात माझ्या मते २३,५३३ रुपये कमी धरले आहेत.

जमेच्या बाजूला १४ दिवसांचा पगार १९,६०० आणि १८ दिवसांच्या शिल्लक रजेचे १५,६०० आहेत. रजेचा दर कंपनीने बेसिक भागिले ३० असा धरलाय. तुमच्या रजेच्या नियमात तसंच लिहिलेलं आहे, त्यामुळे तिथे वाद नाही.

ग्रॅच्युइटीच्या ओळीत मात्र ‘सेवा ७ वर्षे’ असं छापलंय. पाच वर्षे पूर्ण झालेल्या माणसाचे शेवटचे महिने सहाहून जास्त असतील तर ते पूर्ण वर्ष धरायचं असतं. म्हणजे तुमची वर्षं आठ. सूत्र असं: शेवटचं बेसिक अधिक डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २६,००० ला २६ ने भागलं की दिवसाचे हजार रुपये, एका वर्षाचे १५,००० आणि आठ वर्षांचे १,२०,०००. कंपनीने १,०५,००० लावलेत. कारकुनाने नुसतं पूर्ण वर्षांचं खातं पाहिलं की ही चूक होते, आणि एवढी मोठी रक्कम दिसल्यावर वर्षं मोजायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आता वजावट. पीएफचे १,४५६, व्यवसाय कराचे २०० आणि सणाच्या उचलीचे बाकी १५,००० बरोबर आहेत. खटकते ती नोटीसची वसुली. न भरलेल्या १६ दिवसांचे २२,४०० कापलेत, म्हणजे पूर्ण पगारावर. तुमच्या नेमणूकपत्रात मात्र ‘नोटीस कालावधीच्या बेसिक वेतनाइतकी रक्कम’ असे शब्द आहेत. त्या हिशोबाने १३,८६७ होतात. पत्रात ‘एकूण वेतन’ असतं तर २२,४०० मान्य करावे लागले असते. इथे कंपनीने दिलेला कागदच तुमच्या बाजूने आहे.

या दोन चुका एकत्र पाहा. कंपनीच्या कागदात वजावट ३९,०५६ आहे, तर पगार आणि रजा मिळून ३५,२०० च. म्हणजे वरचे ३,८५६ रुपये ग्रॅच्युइटीतून जात आहेत. ग्रॅच्युइटी ही कायद्याने जपलेली रक्कम आहे, नोटीस किंवा उचलीच्या वसुलीसाठी तिला हात लावणं मला मान्य नाही. नोटीस बेसिकवर धरली की वजावट ३०,५२३ वर येते, पगार-रजेतच भागते आणि ४,६७७ उरतात. त्यात ग्रॅच्युइटीचे १,२०,००० मिळवा, म्हणजे १,२४,६७७. वसुली ग्रॅच्युइटीच्या ओळीत शिरलीय का, हे असं वेगळं मांडलं की लगेच दिसतं.

तुमची अडचण हप्त्याची आहे, हे मी समजतो. म्हणून आजच एचआरला एक छोटा ईमेल करा: नेमणूकपत्रातलं ते कलम, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, वरचा हिशोब आणि सुधारित पत्रकाची मागणी. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा द्या आणि पोचपावती घ्या. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी. उशीर झाला तर व्याज लागतं, आणि तरीही दिली नाही तर ग्रॅच्युइटीसाठी सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

‘आधी सही, मग पैसे’ असा हट्ट धरला आणि ५ तारीख अगदी जवळ आली, तर सहीच्या वर हाताने लिहा: ‘ग्रॅच्युइटी व नोटीस वसुलीच्या फरकाचा हक्क राखून रक्कम स्वीकारली.’ त्याचा फोटो काढून ठेवा. ग्रॅच्युइटीचा हक्क सही केल्याने जात नाही, कारण कायद्यापुढे असा करार टिकत नाही. नोटीसच्या ८,५३३ रुपयांचं तसं नाही. ते नुसत्या नेमणूकपत्रावर उभे आहेत, आणि ‘काही येणे बाकी नाही’ लिहून दिल्यावर ते परत मागणं फार अवघड होईल. म्हणून ती ओळ त्यांच्यासाठीच लिहायची.

पैसे आले की आधी दोन हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवा. नव्या कंपनीचा पहिला पगार पुढे सरकला तरी हप्ता चुकू नये.