ईओडी म्हणजे कुणाच्या दिवसाचा शेवट?

तू आता परदेशी गिऱ्हाइकांचे मेल बघणार, म्हणून माझा अनुभव सांगतो.

शिरोलीच्या फाउंड्रीत असताना मी शिकागोच्या गिऱ्हाइकाला लिहिलं, ‘ड्रॉइंगची मंजुरी शुक्रवारी ईओडीपर्यंत द्या.’ उन्हाळा होता. संध्याकाळी सहापर्यंत काहीच आलं नाही, म्हणून शनिवारचं ओतकाम आम्ही पुढं ढकललं. सहाला तिकडं सकाळचे साडेसात वाजले होते, माणूस ऑफिसातही पोचला नव्हता. त्यानं त्याच्या पाचला मंजुरी पाठवली. आपल्याकडं तेव्हा शनिवारचे पहाटेचे साडेतीन! त्याचं चुकलं नव्हतं, माझा शब्दच अर्धा होता.

आता मी असं लिहितो:

```
Fri 17 Jul 2026, 18:00 India (UTC+5:30)
= 07:30 Chicago
```

नुसतं IST लिहू नकोस, आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही तेच म्हणतात. तारखेत महिना अक्षरांत घाल; 07/08 अमेरिकेत 8 जुलै होतो. आणि फरक पाठ करून ठेवू नकोस. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागं जातात, आपली नाहीत. मग आपल्या सहाला शिकागोत साडेसहाच असतात. दर वेळी त्या तारखेची वेळ तपासून घे.

एएसएपी, म्हणजे ‘शक्य तितक्या लवकर’, तर त्याहून वाईट, त्यात तारीखच नाही. समोरचा ते हातातलं काम संपवून बघतो. त्याऐवजी कारण दे: ‘शनिवारी सकाळी आठला भट्टी पेटते, मंजुरी शुक्रवारी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सहापर्यंत हवी. जमत नसेल तर गुरुवारीच कळवा.’