14 मुलाखतींवरून नेमकं काय म्हणता येतं? 'विश्लेषणात्मक सामान्यीकरण' या शब्दाबद्दल

प्रश्न: पीएचडीसाठी एका तालुक्यातल्या 14 आशाताईंच्या मुलाखती घेतल्यात, मोबाईल अ‍ॅप असताना त्या कागदी डायरी का ठेवतात यावर. मर्यादांमध्ये 'या निष्कर्षांचं सामान्यीकरण करता येणार नाही' असं लिहिलं तर गाईड म्हणाले 'विश्लेषणात्मक सामान्यीकरण' लिही. हा नुसता भारदस्त शब्द आहे का? आणि 14 जणींवरून मी काय म्हणू शकते?

नुसता भारदस्त नाहीये, पण बरेच जण तसाच वापरतात, म्हणजे मुलाखती कमी पडल्या की वरून शिंपडायचा शब्द. तसं केलंत तर व्हायवात पहिलाच प्रश्न त्यावर येईल.

आधी सांख्यिकीय बाजू पटकन उरकते. शितावरून भाताची परीक्षा होते कारण सगळा तांदूळ एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. माणसांचं तसं नसतं, म्हणून तिथे यादृच्छिक निवड लागते, आणि ती असेल तर नमुन्यातला आकडा आख्ख्या समष्टीला लावता येतो, किती चूक असू शकते तेही सांगता येतं. तुमच्या 14 जणी बहुतेक ओळखीतून, एकीने दुसरीचा नंबर दिला अशा मिळाल्या असणार, म्हणजे हे दार बंदच. आणि समजा चिठ्ठ्या टाकून निवडल्या असत्या आणि 14 पैकी 9 जणी डायरी ठेवतात असं निघालं असतं, तरी 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता आलं असतं की तालुक्यातलं प्रमाण साधारण 39 ते 84 टक्क्यांच्या मधे कुठेतरी आहे. याचा कुणाला काय उपयोग? त्यामुळे प्रबंधात '64 टक्के आशाताई' असं कुठे लिहिलं असेल तर आजच काढून टाका, '14 पैकी 9' लिहा. (नुसता आकडा मोठा असून भागत नाही ते वेगळंच, 1936 साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट मासिकाकडे 20 लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या होत्या तरी त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या अंदाजात रूझवेल्टना हरवून टाकलं होतं आणि प्रत्यक्षात ते दणक्यात निवडून आले.)

विश्लेषणात्मक सामान्यीकरण हा शब्द केस स्टडीवाल्या रॉबर्ट यिनमुळे 1984 पासून रूढ झाला. त्याचं म्हणणं असं की केस म्हणजे नमुना नव्हेच, ती एखाद्या प्रयोगासारखी असते, आणि तुम्ही तिच्यावरून लोकसंख्येकडे जात नाही, सिद्धांताकडे जाता. हे नुसतं ऐकलं की हवेत वाटतं, म्हणून एक खरं उदाहरण जरा सविस्तर सांगतो.

इंग्लंडमध्ये 1951, 55, 59 अशा लागोपाठ तीन निवडणुका कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने जिंकल्या, तेव्हा एक मत फार जोरात होतं की कामगारांच्या हातात पैसा आला, घरं-गाड्या आल्या, आता ते मध्यमवर्गीय होत चाललेत, विचारांनी आणि मतदानानेही. गोल्डथॉर्प, लॉकवुड या समाजशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासायला लंडनच्या उत्तरेचं ल्यूटन गाव निवडलं. तीन कंपन्या घेतल्या, मोटारींची व्हॉक्सहॉल, बेअरिंगची स्केफ्को आणि रसायनांची लापोर्ट, आणि 229 कामगारांच्या मुलाखती घेतल्या. आता 229 कामगार म्हणजे काही ब्रिटन नव्हे. पण त्यांनी ल्यूटन 'प्रातिनिधिक' म्हणून घेतलंच नव्हतं, उलट मुद्दाम वेगळं म्हणून घेतलं होतं. पगार चांगले, वस्त्या नव्या, बाहेरून आलेले लोक भरपूर, जुन्या खाण-गिरणीवाल्या पट्ट्याची सावली नाही. म्हणजे ते मत खरं ठरायला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडली नसती. आणि तिथेच ते खरं ठरलं नाही. कामगार पैशासाठी काम करत होते, घर-संसारात रमत होते, पण मध्यमवर्गीयांत मिसळत नव्हते आणि मत अजूनही मोठ्या संख्येने विरोधी लेबर पक्षालाच देत होते. जिथे सगळं अनुकूल तिथे जर हे घडत नाही तर इतरत्र घडतंय म्हणणाऱ्यांची अडचण झाली. 229 वरून ब्रिटनभर जाणारा दावा झाला की नाही? पण तो टक्केवारीचा नाही, आणि त्याचं वजन मुलाखतींच्या संख्येतून आलं नाही, जागा का निवडली त्या कारणातून आलं.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा आहे. त्याच संशोधकांनी दुसरंही काहीतरी मांडलं, की हा एक नव्या प्रकारचा कामगार आहे, स्वतःच्या घरात मिटलेला, कामाकडे फक्त पगार म्हणून बघणारा, आणि पुढे असेच कामगार वाढत जाणार. इथे मात्र ल्यूटनची निवड कामाला येत नाही. एखादं मत पाडायला टोकाची जागा उत्तम, पण 'आता सगळीकडे हे होणार' म्हणायला तीच टोकाची जागा अगदी कच्ची. पुढे फिओना डिव्हाइन ही समाजशास्त्रज्ञ त्याच ल्यूटनमध्ये गेली, व्हॉक्सहॉलचे कामगार आणि त्यांच्या बायका मिळून 62 जणांशी सविस्तर बोलली (मूळ अभ्यासात नमुना विवाहित पुरुषांचा होता हे विसरू नका), 1992 साली तिचं पुस्तक आलं, आणि ते घरात मिटलेलं चित्र बरंच पातळ झालं. नातेवाईक, मित्र, येणं-जाणं सगळं होतं, कित्येक जण तर नातेवाइकांच्या आधारानेच ल्यूटनला आले होते. एकाच अभ्यासातला एक दावा टिकला, दुसरा डळमळला, कारण निवड फक्त पहिल्याला आधार देत होती.

आता तुमच्याकडे. 'बहुतांश आशाताई डायरी ठेवतात' हे तुम्हाला म्हणता येत नाही, तालुक्यापुरतंही नाही. 'अ‍ॅप आलं की कागद आपोआप जातो' हे चूक आहे असं म्हणता येतं, त्याला चार जणीही पुरतात. आणि खरा दावा 'का' मध्ये आहे. समजा मुलाखतींमधून असं निघालं की आशाताईंचा बराचसा मोबदला कामागणिक असतो, आणि नोंद दिसत नाही म्हणून पैसे अडकले तर दाखवायला आपल्याकडे काहीतरी हवं, म्हणून डायरी. मग वाक्य आशाताईंबद्दलचं राहतच नाही, ते असं होतं: जिथे मोबदला नोंदीवर अवलंबून असतो आणि नोंद दुसऱ्याच्या ताब्यात असते, तिथे काम करणारी व्यक्ती स्वतःची समांतर नोंद ठेवते. हे वाक्य तुमच्या तालुक्याबाहेर नेता येतं, कारण त्यात अटी लिहिलेल्या आहेत आणि ते खोटं पडू शकतं.

खोटं कसं पडेल हेही तुम्हीच लिहा, गाईडना नेमकं तेच हवं असणार. अंगणवाडी सेविकांकडे पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आहे पण त्यांचं मानधन मुख्यतः महिन्याला ठरलेलं. तुमचं कारण खरं असेल तर त्यांच्यात पैशांसाठीची डायरी कमी दिसायला हवी. त्याही तितक्याच जिवापाड डायरी ठेवत असतील तर कारण पैसा नसून दुसरंच काहीतरी आहे, नेटवर्क नाही, वरिष्ठ कागदच मागतात, किंवा फोनवर भरवसा नाही. चार-पाच सेविकांशी बोलणं जमलं तर आणखी दहा आशाताईंपेक्षा त्याचा फायदा जास्त. नाहीच जमलं तर तुमच्या 14 मधली कुणी डायरी ठेवत नसेल तर तिची मुलाखत परत काढा. तिचे पैसे कधी अडकलेच नव्हते का? तसं असेल तर दावा घट्ट होतो. अडकले होते आणि तरीही ठेवत नाही, तर अट बदलावी लागेल आणि ते लपवू नका.

एक खबरदारी मात्र घ्या, दुसऱ्या तालुक्यात हे लागू होईल की नाही हे तिथल्या वाचकाला ठरवता यावं एवढी परिस्थिती लिहा: पैसे कोणत्या टप्प्यावर अडकतात, नोंद कोण तपासतं, अ‍ॅपमध्ये जुनी नोंद परत बघता येते का. आणि ते मर्यादांमधलं वाक्य असं करा: 'या अभ्यासातून डायरी ठेवणाऱ्यांचं प्रमाण काढता येत नाही, समांतर नोंद कोणत्या अटींमध्ये ठेवली जाते याबद्दलचा दावा चर्चेच्या प्रकरणात मांडला आहे.'